तोडीचा गांधार पेटीवर का सापडत नाही: कर्नाटक गमक शिकणाऱ्यांसाठी

पेटीवर सा, कोमल रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नी अशी ओळ वाजवा. आपल्याकडे कुठल्याही घरात कुणीतरी लगेच म्हणेल, "भैरवी." आता हीच ओळ मेळकर्ता पद्धतीत शोधा. ती आठव्या मेळाची, म्हणजे हनुमत्तोडीची आहे. मैफलीत गायक तिला नुसतं तोडी म्हणतात. (आपली हिंदुस्थानी तोडी वेगळी. तिच्या जवळचा कर्नाटक राग शुभपंतुवराळी.) आणि एखाद्या चांगल्या गायकाची तोडी ऐकायला बसलात तर भैरवीची आठवणही होत नाही. पट्ट्या त्याच आहेत, पण गळा त्या पट्ट्यांवर थांबतच नाही.

हा लेख त्या न थांबण्याबद्दल आहे. थोडं हिंदुस्थानी शिकलेल्या, पेटी येणाऱ्या आणि आता माटुंग्यात, बंगळुरूत किंवा चेन्नईत कर्नाटक गाण्याच्या क्लासला जाऊ लागलेल्या मराठी माणसासाठी तो लिहिला आहे. मीही याच वाटेने गेलो. सगळे गमक इथे मावणार नाहीत, म्हणून एकच स्वर घेतो: तोडीचा गांधार. तो नीट कळला की पुढच्या गमकांकडे कसं बघायचं तेही कळतं.

काय काय जवळ हवं

- तंबोऱ्याचं ॲप किंवा श्रुतीपेटी, आपल्या पट्टीत लावलेली
- पेटी किंवा साधा कीबोर्ड. कीबोर्डच्या डाव्या बाजूला स्वर वाकवायचं चाक असेल तर उत्तम
- हेडफोन आणि रेकॉर्डिंगसाठी फोन
- तोडीच्या आलापनेचं एक संथ रेकॉर्डिंग, शक्यतो व्हायोलिनची साथ कमी असलेलं
- कॉम्प्युटरवर `Praat` हे मोफत सॉफ्टवेअर
- आणि शिकवणारी व्यक्ती. वरचं सगळं तिच्या मदतीला आहे, तिच्या जागी नाही.

१. आधी नावांचा घोळ मिटवा

पहिल्याच आठवड्यात इथे पाय अडकतो. कर्नाटक पद्धतीतला शुद्ध ऋषभ म्हणजे आपला कोमल रे. साधारण गांधार म्हणजे आपला कोमल ग. शुद्ध धैवत म्हणजे कोमल ध आणि कैशिकी निषाद म्हणजे कोमल नी. शुद्ध मध्यम तेवढा दोन्हीकडे एकच. टीचरनी "शुद्ध रि" म्हटलं आणि तुम्ही आपला शुद्ध रे लावला, तर तोडी पहिल्याच पायरीवर नटभैरवीच्या अंगणात जाईल. इथून पुढे मी रि, ग, म एवढंच लिहीन आणि ते तोडीतले समजायचे.

पट्टीही वेगळ्या नावाने सांगतात. तमिळमध्ये पट्टी "कट्टै"ने मोजतात. एक कट्टै म्हणजे आपली पांढरी एक, आणि साडेपाच कट्टै म्हणजे काळी चार. पुरुष बहुधा एक-दीडच्या आसपास गातात, बायका पाच-सहाच्या.

तिसरा घोळ गमक या शब्दाचाच. आपण गमक म्हटलं की छातीतून जोर देऊन घेतलेली गमकेची तान डोळ्यांपुढे येते. कर्नाटकात मात्र स्वराला जोडून येणारी जवळपास प्रत्येक हालचाल गमकात मोडते. आपली मींड, कण, आंदोलन हे सगळं त्यात आलं. क्लासमध्ये "गमक कमी पडतंय" असं सांगितलं की जोर वाढवायचा नसतो. स्वर सपाट राहिलाय, एवढाच त्याचा अर्थ.

२. पेटीवर वाजवा आणि काय हरवतं ते ऐका

तंबोरा लावा. रेकॉर्डिंगमधला असा एक तुकडा शोधा जिथे गायक ग लांबवतो आणि मग रि-सा वर उतरतो. तो चार-पाच वेळा ऐका आणि मग पेटीवर तोच ग शोधा. कोमल ग ची पट्टी दाबाल तर वाटेल, स्वर जुळतोय पण गाणं जुळत नाही. मग थोडं वर म वाजवून पाहाल, तोही जुळल्यासारखा वाटेल. खाली रि वाजवाल, तर तोही. कान चुकत नाहीये. गायक तोंडाने "ग" म्हणत असतो, पण आवाज साधारण रि आणि म यांच्यामध्ये वरखाली झुलत असतो, आणि ज्या जागेला पेटी ग म्हणते ती जागा तो फक्त ओलांडत असतो.

इथे बरेच जण म्हणतात, "पेटी समान अंतरांवर लावलेली असते, श्रुती बसत नाहीत, म्हणून असं होतं." ही गोष्ट खरी आहे पण लहान आहे. पेटीतला ग अगदी शुद्ध श्रुतीत लावून आणला, तरी तोडीचा ग मिळणार नाही. श्रुतीचा फरक अर्ध्या सुराच्याही अंशात मोजायचा असतो. ही झुलण्याची कक्षा रि पासून म पर्यंत, म्हणजे चार अर्धसुरांची आहे.

मग दुसरा उपाय सुचतो: रि आणि म च्या पट्ट्या भराभर आलटून पालटून दाबायच्या. करून पाहा. दोन स्वरांची किणकिण ऐकू येईल, ग ऐकू येणार नाही. प्रत्येक पट्टीचा स्वर नव्याने सुरू होतो, आणि रि-म मधली वाट पेटीला माहीतच नसते. गमक त्या वाटेवरच असतं: किती वेळात चढलं, वळण गोल होतं की टोकदार, कुठे क्षणभर रेंगाळलं, पुढच्या स्वराकडे जाताना तोंड वर होतं की खाली. पट्टी या चारांपैकी एकही गोष्ट सांगत नाही. ती फक्त स्वर सुरू झाला आणि संपला एवढंच सांगते.

"वीणेलाही पडदे असतातच की," असा प्रश्न येतो, आणि तो योग्य आहे. तंजावर वीणेला चोवीस पडदे आहेत आणि ते जागचे हलत नाहीत. पण वीणावादक खालच्या पडद्यावर बोट ठेवून तार आडवी ओढतो, आणि स्वर न तुटता वरच्या सुरापर्यंत जातो. म्हणजे अडचण ठरलेल्या जागांची नाही. स्वर वाजायला लागल्यावर त्याला हात लावता येतो की नाही, हा प्रश्न आहे. व्हायोलिनला पडदेच नाहीत, म्हणून एकोणिसाव्या शतकात आलेलं हे परदेशी वाद्य कर्नाटक मैफलीत सहज रुळलं. पेटीला ती जागा मिळाली नाही. आकाशवाणीनेही १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. त्या वादात मींड आणि गमक हा एक मोठा मुद्दा होता. नाट्यसंगीत पेटीवर पोसलेल्या आपल्या लोकांना ही बंदी जिव्हारी लागली होती, पण तोडीचा ग वाजवायचा प्रयत्न केल्यावर समोरच्याचं म्हणणंही कळतं.

३. सुरुवातीला एवढेच गमक ओळखा

पुस्तकांत दहा, पंधरा अशा याद्या असतात. त्या पाठ करत बसू नका. पहिल्या वर्षी चार हालचाली कानाला ओळखता आल्या तरी पुष्कळ.

कंपित म्हणजे स्वर झुलवणं. तोडीचा ग याच जातीचा. जारू म्हणजे घसरण, चढती किंवा उतरती. आपल्या मींडेच्या सर्वांत जवळची. स्फुरित जंट वरिसैंमध्ये भेटतं: सा सा, रि रि अशा जोडीत दुसरा स्वर खालच्या स्वराला पुसटसं शिवून ठोकायचा असतो. नोक्कु म्हणजे वरून हलका दाब देऊन स्वरावर येणं.

यातलं स्फुरित तुम्ही नकळत आधीच शिकत असता. मायामाळवगौळातल्या सरळी वरिसै झाल्या की जंट वरिसै येतात, आणि टीचर दुसऱ्या सा वर मुद्दाम जोर देतात तो उगाच नसतो. तोडी मात्र बहुतेक क्लासमध्ये वर्णमांपर्यंत पोचल्यावरच येते. त्याआधी तुम्ही हा ग घरी करत असाल तर क्लासमध्ये सांगा. काही शिक्षकांना आधी सपाट स्वर पक्के झालेले हवे असतात, आणि त्यात तथ्य आहे. ज्याचे रि आणि म डगमगतात, त्याचा ग कशाच्या आधाराने झुलणार?

४. गांधार गळ्यात आणायचा तो असा

एकेक पायरी घ्या. प्रत्येक पायरीला वेळ लागेल तितका लागू द्या, पण पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

*अ. दोन खुंटे पक्के करा.* तंबोऱ्यावर सा लावा. मग रि आकारात, सपाट, एका श्वासात. मग म, तसाच. या दोन्ही जागा पेटीवर तपासता येतात, आणि पेटीचा खरा उपयोग इथेच आहे. सा-रि-सा, सा-म-सा, रि-म-रि असं उड्या मारत म्हणा. ग चं नावही घेऊ नका.

*आ. दोघांमधला रस्ता.* रि वरून म पर्यंत आकारात सरकत जा, चार मात्रांत. मात्रेचा वेग मिनिटाला साठ ठेवा, म्हणजे घड्याळाच्या सेकंदावर. तसंच चार मात्रांत परत या. वाटेत कुठेही पायरी जाणवता कामा नये. हिंदुस्थानी शिकलेल्यांची खोड अशी की मध्ये कोमल ग आला की आवाज आपोआप तिथे टेकतो. सवयीचा स्वर आहे, थांबावंसं वाटतं. तो टेकू काढून टाकणं हेच या पायरीचं काम.

*इ. वळण गोल करा.* आता चढ आणि उतार दोन-दोन मात्रांत, मग एक-एक मात्रेत. म ला पोचलात की तिथे उभं राहायचं नाही, शिवून वळायचं. खाली रि लाही तसंच. टोकांना आवाज ठोकला गेला तर दोन स्वर ऐकू येतात. गोल वळला तर एकच झुलणारा स्वर ऐकू येतो. आपल्या दरबारी कानड्यातलं गांधाराचं आंदोलन ज्यांनी शिकलंय, त्यांना इथे मदत होईल. पण दरबारीचा ग स्वतःच्या जागेभोवती सावकाश हलतो. तोडीचा ग लांब फिरतो, मध्यमाला हात लावून येतो. दरबारीचा हात तोडीत आणलात तर टीचर म्हणतील, "मध्यमम् कुठे गेला?"

*ई. आता "ग" म्हणा.* इथपर्यंत सगळं आकारात होतं. आता त्याच हालचालीवर अक्षर चढवायचं. सगळ्यांत जास्त गडबड होते ती इथेच. "ग" उच्चारताना जीभ मागे टेकते, आवाज क्षणभर अडतो, आणि सुटताना तो नेमका कोमल ग वर सुटतो. कानाला मग एक सपाट ग ऐकू येतो आणि त्यानंतर घाईघाईने हलवलेला आवाज. अक्षर सुटतानाच आवाज टोकाजवळ हवा. रि कडून वर येत असाल तर "ग" खाली, रि च्या बाजूला सुटेल. म वरून उतरत असाल तर वर, म च्या बाजूला. यासाठी आधी "आ" रि वर धरा आणि श्वास न तोडता "आ...ग" म्हणा. जागा सापडली की "आ" सोडून द्या.

*उ. शेवट पुढच्या स्वराच्या हाती द्या.* ग-म असेल तर शेवटचा झोका वर जाताना म मध्ये मिसळेल. ग-रि असेल तर उतरताना रि मध्ये. ग नंतर काय आहे हे ठाऊक नसताना ग गाता येत नाही. म्हणून एकटा ग घोटत बसू नका. "रि ग म", "म ग रि", "ग रि सा" हे तीन तुकडे घ्या. "म ग रि" मध्ये ग म वरूनच सुरू होतो, त्यामुळे म कुठे संपला आणि ग कुठे सुरू झाला हे स्वराच्या उंचीवरून कळत नाही; फक्त तोंडातलं अक्षर बदलतं. पेटीवाल्याला हे पहिल्यांदा फारच विचित्र वाटतं.

*ऊ. वेग.* चार मात्रांच्या ग मध्ये तुम्ही दोन झोके घेत असाल, तर दोन मात्रांच्या ग मध्ये तेच दोन झोके कोंबू नका. एक घ्या. त्याहून वेगात ग म्हणजे म ला पुसटसं शिवून येणारी एकच कमान उरते. वर्णम दोन काळांत म्हणतात तेव्हा हे स्पष्ट दिसतं. दुसऱ्या काळात स्वर दुप्पट वेगाने जातात, पण झोके दुप्पट वेगाने हलत नाहीत, ते गळतात. रेकॉर्डिंग दुप्पट वेगाने लावलं तर जे ऐकू येतं, तसं कुणीच गात नाही.

५. आपलाच आवाज बघा

हेडफोनमध्ये तंबोरा ऐका आणि फोनवर फक्त आपला आवाज रेकॉर्ड करा. तंबोरा रेकॉर्डिंगमध्ये शिरला की सॉफ्टवेअर त्यालाच स्वर समजून बसतं. फाइल कॉम्प्युटरवर घ्या, WAV करून. `Praat` उघडा, `Open` मध्ये `Read from file...`, मग `View & Edit`. पिचची रेषा दिसली नाही तर घाबरू नका. तुकडा लांब असला की ती काढलीच जात नाही. तीन-चार सेकंद निवडून मोठे करा.

आता आकडे. पांढरी एकमध्ये गात असाल तर सा साधारण १३१ हर्ट्झवर, रि १३९, पेटीचा ग १५६ आणि म १७५ वर. काळी चारमध्ये सा २०८, रि २२०, पेटीचा ग २४७, म २७७. कागदाची पट्टी कापून स्क्रीनच्या कडेला चिकटवा आणि या चार रेघा तिच्यावर मारा. दर वेळी आकडे वाचत बसावं लागत नाही.

रेषेचा आकार बघून दोष ओळखता येतो. रि आणि म वर सपाट पायऱ्या दिसल्या तर तुम्ही गळ्यानेच पेटी वाजवताय. पायरी आ वर परत जा. पेटीच्या ग भोवती बारीक, दाट लहरी दिसल्या तर ती गळ्याची थरथर आहे, कंपित नाही. बहुधा जबडा हलत असतो. आरशासमोर गा म्हणजे दिसेल. सुरुवातीला एक सपाट तुकडा आणि मग लाटा, तर ई मधली अक्षराची गडबड. लाटांचे वरचे शेंडे १७५ ओलांडून वर जात असतील तर म लाच तुमच्या मनात पक्की जागा नाही. अ वर जा. आणि रेषा मध्येच एकदम दुप्पट उंचीवर किंवा निम्म्यावर उडी मारत असेल तर तो तुमचा दोष नाही, सॉफ्टवेअरचा सप्तक चुकलाय.

मग त्याच खिडकीत त्या गायकाचा तुकडा टाका. एक गोष्ट पाहून ठेवा. चांगल्या गायकाच्या रेषेतही लाट दर वेळी रि ला किंवा म ला नेमकी टेकत नाही. कधी अलीकडे वळते, कधी दोन लाटा सारख्या नसतात. म्हणून चार रेघा या सीमारेषा समजा, निशाण नव्हे. फोनवरचं सूर तपासायचं ॲप मात्र या कामाला अजिबात लावू नका. ते प्रत्येक क्षणी जवळची पट्टी शोधतं, आणि उत्तम ग ला लाल काटा दाखवतं. काटा हिरवा करायच्या नादात ग सपाट होतो.

६. कीबोर्डवर चाक असेल तर

हा प्रयोग ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी, पण यातून गमक डोळ्यांपुढे उभं राहतं. बहुतेक कीबोर्डवर चाक पूर्ण वर नेलं की स्वर दोन अर्धसूर चढतो, पूर्ण खाली नेलं की दोन उतरतो. तोडीच्या ग पासून रि दोन अर्धसूर खाली आणि म दोन अर्धसूर वर. म्हणजे ग ची पट्टी दाबून चाक पूर्ण फिरवलं की कक्षा बरोबर बसते.

आता पट्टी दाबा आणि मग चाक फिरवा. चुकीचंच वाटेल, कारण सुरुवातीला सपाट ग वाजला. हीच ती ई मधली गडबड, यंत्रातून ऐकलेली. आधी चाक पूर्ण खाली धरा, मग पट्टी दाबा, मग चाक वर न्या. लगेच फरक कळेल. चाक सोडलंत तर स्प्रिंगमुळे ते मध्यावर येतं, म्हणजे जिथे गायक थांबत नाही नेमकं तिथेच. म्हणून शेवट होईपर्यंत बोट उचलायचं नाही. आणि डाव्या हाताने सा ची पट्टी आधारासाठी दाबून ठेवू नका. चाक बहुधा वाजत असलेल्या सगळ्याच पट्ट्या वाकवतं, सा सुद्धा झुलायला लागेल. आधाराला तंबोऱ्याचं ॲप वेगळं लावा.

कर्नाटक मैफलीत कीबोर्ड वाजवणारे कलाकार आहेत, आणि ते ज्या सफाईने स्वर वाकवतात ती थक्क करणारी आहे. पण त्यांचं गमक चाकात असतं, पट्टीत नसतं. ज्याला चाक नाही अशा कीबोर्डवर कितीही तयारी केली तरी हा ग येणार नाही, तेव्हा नवा कीबोर्ड घेताना दुकानात आधी चाक आहे का ते बघा.

७. वहीत काय लिहायचं

छापील कर्नाटक स्वरलिपीत फक्त "ग" असं अक्षर आणि त्यापुढे लांबीचे स्वल्पविराम असतात. ते बघून पेटीवर वाजवणं हा नव्या माणसाचा सगळ्यात हमखास सापळा. ती लिपी गाणं आधीच शिकलेल्याला आठवण करून देण्यासाठी आहे, न ऐकलेलं शिकवण्यासाठी नाही. सुब्बराम दीक्षितरांनी १९०४ साली एट्टयपुरम इथून काढलेल्या 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी'त कंपित, जारू, नोक्कु, स्फुरित अशा गमकांच्या खुणा स्वरांवर छापल्या. तो मोठाच प्रयत्न होता. तरीही खूण सांगते कुठे आणि कोणतं; किती आणि कसं, ते कानानेच घ्यावं लागतं.

आपल्या वहीसाठी एक साधी पद्धत उपयोगी पडते. दोन ओळी करा. वरच्या ओळीत तोंडाने काय म्हणायचं, खालच्या ओळीत आवाज कुठे जातो. चार मात्रांचा, रि वर उतरणारा ग असा दिसेल:

```
तोंड :  ग    ,    ,    ,   | रि
आवाज :  रि   म    रि   म   | रि
```

खालच्या ओळीत "ग" कुठेच नाही हे बघून ठेवा. या ओळीतली अक्षरंही टोकंच आहेत, मधली वाट त्यात नाही. म्हणून प्रत्येक ओळीशेजारी रेकॉर्डिंगचं नाव आणि मिनिट-सेकंद लिहा. क्लासमध्ये रेकॉर्ड करायची परवानगी असेल तर अगदी लहान तुकडे घ्या, एका स्वरसमूहाचा एक. तासभराच्या रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा तो ग शोधायला कुणी जात नाही. आणि दोन शिक्षकांकडून एकाच जागेचे दोन वेगळे झोके मिळाले तर दोन्ही लिहा, पण म्हणताना सध्याच्या शिक्षकांचाच म्हणा. घराण्यागणिक फरक असतात आणि ते मिसळायची वेळ फार नंतर येते.

८. पुढचा स्वर

ग जमू लागला की तोडीचा निषाद घ्या, कारण तो जवळपास फुकट मिळतो. रि पासून ग दोन अर्धसूर, ग पासून म दोन. ध पासून नि दोन, आणि नि पासून तार सा दोन. म्हणजे पंचमाला सा धरून तीच चाल वर नेली की तो ध आणि तार सा मध्ये झुलणारा नि होतो. पायऱ्या अ ते ऊ तशाच, खुंटे फक्त ध आणि तार सा. एकच फरक जपा. तार सा ही पक्की जागा आहे, तंबोऱ्यात ती सतत वाजत असते, आणि तिथे आवाज चिकटतो. ग मध्ये म ला शिवून वळणं ज्यांना सहज जमतं तेही नि मध्ये सा वर बसून राहतात. तसं होत असेल तर नि चे तुकडे "सा नि ध" असे उतरतेच घ्या. "ध नि सा" नंतर.